ओसरीतले कट्टे आणि कलम सात

आमच्या घराच्या भाडेकराराचा मसुदा मी स्वतः लिहिला होता. हे कोणाला सांगायची वेळ आली की मी आधी एक ग्लास पाणी पिऊन घेतो.

तिरोड्याला बदली झाली तेव्हा सरकारी कार्यालयात टिपण्या लिहिण्याची माझी बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत माणसाला एक गोड भ्रम होतो. आपण लिहिलेल्या वाक्यात कोणी फट शोधू शकत नाही, असं त्याला वाटायला लागतं. तहसील कचेरीसमोरचा टायपिंगवाला म्हणाला होता, "सर, तयार नमुना है मेरे पास. नाव टाकायचं, भाडं टाकायचं, झालं." मी हसलो. तयार नमुने सामान्य लोकांसाठी असतात, अशा अर्थाचं ते हसू होतं. घरी येऊन रात्री जेवणानंतर मी अकरा कलमं लिहून काढली. करार अकरा महिन्यांचा, म्हणून कलमंही अकरा. शोभून दिसतं.

त्यातली नऊ कलमं कोणाच्या कामाची नव्हती, म्हणून कोणाच्या अंगावरही आली नाहीत. चौथं आणि सातवं मात्र वर्षभर आमच्या घरात राहिली. भाडं न देता.

चौथं कलम असं: "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी. किरकोळ म्हणजे काय याचा अर्थ प्रसंगानुरूप लावण्यात यावा." 'प्रसंगानुरूप' हा शब्द लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवून खुर्चीला टेकलो होतो, हे मला अजून आठवतं. जुलैमध्ये पाण्याची मोटार जळाली. प्रसंग आला, पण त्याचा अर्थ घरमालकांनी लावला. "अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार हाये, बाबूजी. लहान मोटार, लहान दुरुस्ती." मी नवी मोटार बसवली.

सातवं कलम असं: "हंगामात घरमालक आपला शेतमाल ओसरीत आपल्या सोयीनुसार ठेवू शकतील." हे मी उदारपणे लिहिलं होतं असं नाही. घरमालक साडेसहा हजार मागत होते. त्यांची शेती चोरखमाऱ्याकडे, आणि धान कापून झाल्यावर खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत कट्टे ठेवायला त्यांना शहरात जागा हवी होती. कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं. मी म्हटलं, ओसरी तुमची, मग पाचशे कमी करा. त्यांनी केले. मी घरी बायकोला सांगितलं, "आपण ओसरी न सोडता ओसरीचे पाचशे वाचवले." ती म्हणाली, "किती कट्टे?" मी म्हटलं, "असतील दहा-वीस."

दिवाळीनंतर ट्रॉली आली तेव्हा मी कार्यालयात होतो. संध्याकाळी घरी आलो तर ओसरीची भिंत दिसत नव्हती. एकशे चाळीस कट्टे, दोन रांगांत, एकावर एक छातीपर्यंत. बायको दारात उभी होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात 'दहा-वीस' हा आकडा स्पष्ट लिहिलेला होता.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट त्यांची आहे. मी फक्त कागद लिहिणारा.

वडील सौंदडजवळच्या गावी शेती करायचे. काचबिंदूने हळूहळू दोन्ही डोळे नेले. आई होती तोवर तीच त्यांचे डोळे होती. ती गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. पहिले दोन महिने ते खाटेवरून उठतच नव्हते. गावचं घर त्यांना तळपायाने पाठ होतं. हे घर म्हणजे त्यांच्यासाठी नुसती आंधळी हवा. मग एक दिवस त्यांनी बायकोला म्हटलं, "चाल, दाखव मले घर." ती त्यांचा हात धरून फिरली. खाटेपासून चौकटीपर्यंत पाच पावलं. चौकटीतून बाहेर ओसरी. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला न्हाणी आणि संडास. तेरा पावलं. परत येताना मधे खुर्ची, उन्हातली. हे सगळं पाठ व्हायला त्यांना उन्हाळा आणि पावसाळा लागला. त्यानंतर त्यांनी कोणाचा हात मागितला नाही. पंच्याहत्तरीच्या माणसाला एकट्याने संडासाला जाता येणं ही किती मोठी मिजास असते, ते मी त्यांच्या चालण्यात बघितलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खरेदी केंद्रावर नंबर लागला. भल्या सकाळी हमाल आले आणि तासाभरात कट्टे उचलून घेऊन गेले. मी दूध आणायला गेलो होतो, बायको मागे कपडे धूत होती. परत आलो तर वडील ओसरीत आडवे. आजूबाजूला सांडलेलं धान. मनगट मोडलं होतं.

मी ते सांडलेलं धान बघितलं आणि मला सगळं कळलं. म्हणजे तसं मला वाटलं. पाय दाण्यांवरून घसरला. कट्टे आले नसते तर दाणे सांडले नसते, आणि सातवं कलम नसतं तर कट्टे आले नसते. दोन ओळींत निष्कर्ष, टिपणीसारखा. वडिलांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. विचारणार काय, दिसतच होतं.

मी घरमालकांना फोन केला. नेमकं काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की बोलताना मी तीन वेळा 'कलम' हा शब्द वापरला, आणि पलीकडून ते म्हणाले, "पन कलम तं तुमीच लिवलं, जी."

करार एकतीस जानेवारीला संपत होता. घर बदलायचं म्हटलं तर वडिलांना नवं घर पुन्हा तळपायाने शिकावं लागणार, आणि तेही एक हात प्लॅस्टरमध्ये असताना. तेवढी ताकद आता त्यांच्यात उरली आहे की नाही, मला खात्री नव्हती. इथेच राहायचं म्हटलं तर पुन्हा कट्टे. मी बायकोला म्हटलं, "इथेच राहायचं. पण ओसरीत एक दाणा येणार नाही." तिला ते पटलं. ती म्हणाली, "या वेळी मी बसते बोलताना."

घरमालक रविवारी आले. साठीचे, सडसडीत, डोक्याला मफलर. मोटारसायकलच्या हँडलला लाखोळीच्या कोवळ्या भाजीची पिशवी. भाडं वाढवायला येणारा माणूस भाजी घेऊन आला की समजावं, आकडा मोठा आहे.

आधी ते आत जाऊन वडिलांजवळ बसले. प्लॅस्टरला हात लावून बघितला. "लय दुखते का, बाबाजी?" वडील म्हणाले, "राहून राहून." मग दोघं बराच वेळ पाण्यावर बोलले. तलावाचं पाणी यंदा सुटणार, उन्हाळी धान घेता येईल, असं काहीतरी. मी बाहेर ताटकळत, पाठ केलेले मुद्दे मनात घोळवत बसलो.

बाहेर येऊन त्यांनी चहा बशीत ओतला. "तं बाबूजी, सात करा."

"काका, सहाचे एकदम सात?"

"शेजारचा साडेसात घेऊन राहिला."

"त्यांच्याकडे टाइल्स आहेत."

"टाइल्स असत्या तं बाबाजी आनखी घसरले असते."

बायको तिथेच मटार सोलत बसली होती. तिचा हात थांबला. घरमालकांच्याही लक्षात आलं की हे बोलायला नको होतं. त्यांनी बशी खाली ठेवली. "बरं, सोडा. तुमी सांगा."

मी सहा हजार दोनशे म्हटलं. ते म्हणाले, इथल्या वीज प्लांटवरचा एक ठेकेदार चार माणसं ठेवतो म्हणून मागे लागला आहे, सात द्यायला तयार आहे. बायको म्हणाली, "ठेवा ना मग. चार माणसं, चार गाड्या, रोज रात्री मटन. मोटार मग कोण बदलून देते ते बघू." ते हसले. "बाई, तुमी कायले कचेरीत नाई गेल्या? हे बाबूजी घरी बसले असते." पुढची दहा मिनिटं आकडे इकडून तिकडे गेले. सहा हजार सहाशे, सहा हजार तीनशे, मधे पुन्हा चहा. सहा हजार चारशेवर दोन्ही बाजू दमल्या. मला वाटतं, भाव असेच ठरतात. कोणाचं पटत नाही, दोघांनाही उठायचं असतं.

चौथं कलम सोपं गेलं. पाचशेच्या आतली दुरुस्ती आमची, त्यावरची त्यांची. मोटार, वायरिंग आणि वरची टाकी कितीही खर्च आला तरी त्यांची. 'प्रसंगानुरूप' हा शब्द काढून टाकायचा. तो शब्द जाताना मला थोडं वाईट वाटलं, हे कबूल करतो.

मग मी सातव्याला हात घातला. "काका, आता ओसरीत कट्टे नाहीत."

त्यांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "मंग कुठं ठेवू?"

"गावच्या घरी."

"गावचं घर भावाभावांत वाटलं गेलं. माझ्या वाट्याला दोन खोल्या. एकीत आमी, एकीत सून अन् नातू. धान का उरावर घेऊन झोपू?" मग अंगणाकडे बघत ते म्हणाले, "अन् यंदा तं उन्हाळी पन येईल. दोन खेपा."

दोन खेपा म्हटल्यावर मी आणखी घट्ट झालो. म्हटलं, पडलेत माझे वडील. ते म्हणाले, मले का आनंद झाला? मी म्हटलं, नाही तर नाही. ते म्हणाले, मंग ते पाचशे परत जोडा, सहा हजार नऊशे. मागच्या वर्षी ओसरीचेच तर कमी केले होते.

हिशोब बरोबर होता. माझाच होता. मी बायकोकडे बघितलं, तिने मटाराकडे बघितलं. "चालेल," मी म्हटलं. दरमहा पाचशे रुपये देऊन मी एक रिकामी ओसरी विकत घेतली. घरमालक उठले. त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. पाचशे रुपयांत एकशे चाळीस कट्टे ठेवायला दुसरी जागा मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. जाताना आतल्या खोलीच्या दाराशी थांबून म्हणाले, "येतो, बाबाजी." वडील म्हणाले, "या, भाऊ. पानी सुटलं का सांगा."

मागचा करार आम्ही स्टॅम्प पेपरवर करून नोटरीचा शिक्का मारला होता. या वेळी टायपिंगवाला म्हणाला, आता तसं करू नका, ऑनलाइन नोंदणी करा. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन मी घरीच येतो. बुधवारी संध्याकाळी तो आला. तिशीचा, चटपटीत, अर्धा हिंदीत अर्धा मराठीत. घरमालकही आले. साक्षीदार दोन लागतात. एक बायको, दुसरे समोरचे किराणा दुकानवाले, जे येताना गल्ला बंद करून किल्ली खिशात घालून आले.

घरमालक कुरकुरत होते. "शिक्का मारला का झालं ना जी. ऑनलाइनचं एवढं कायले?"

"काका, कायदा है," टायपिंगवाला म्हणाला. "करार अकरा महिन्यांचा असो नाही तर पाच वर्षांचा, आपल्या महाराष्ट्रात नोंदणी लागतेच. आणि जबाबदारी मालकाची. नोंद नसली अन् उद्या भांडण झालं, तर भाडेकरू जी अट सांगेल ती खरी धरतात. तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत."

घरमालकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मंजे हे बाबूजी सांगतील ते खरं?"

"हो."

"मंग करा लवकर," ते म्हणाले, आणि सरकून लॅपटॉपच्या जवळ बसले.

नावं झाली, आधार क्रमांक झाले, भाडं, अनामत रक्कम, एक महिन्याची नोटीस. नमुन्यातल्या अटी आपोआप आल्या. त्याखाली इतर अटी लिहायची जागा होती. मी खिशातून कागद काढला. रात्री बसून लिहिलेला. माणूस शिकत नाही, हेच खरं. कागदावर होतं: "ओसरी, ओसरीलगतचा भाग व ओसरीतून जाण्या-येण्याचा मार्ग यांमध्ये घरमालक कोणत्याही स्वरूपाचा शेतमाल, कोणत्याही कालावधीसाठी, कोणत्याही कारणास्तव ठेवणार नाहीत."

टायपिंगवाल्याने ते टाइप केलं. "सर, बढिया है. तीनदा कोणत्याही."

वडील आतून म्हणाले, "मोठ्यानं वाच जी. मले तं दिसत नाई."

तो वाचू लागला. भाडं सहा हजार नऊशे, वडील गप्प. दुरुस्ती, गप्प. मग माझं वाक्य आलं, पहिल्या 'कोणत्याही'पासून तिसऱ्यापर्यंत. आतून खाट वाजली. पाच पावलं मोजून वडील चौकटीत येऊन उभे राहिले, प्लॅस्टरचा हात छातीशी.

"कट्टे काऊन नाई येनार?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पडलात ना."

"कट्ट्यानं पडलो का मी?"

मी म्हटलं, "धान सांडलं होतं. पाय घसरला."

"पाय कायले घसरते. जन्मभर धानातच चाललो." त्यांनी डावा हात हवेत पसरला, कमरेच्या थोडा वर. "कट्टे होते तं मी हात ठेवून जात होतो. असा. चौकटीपासून न्हाणीपर्यंत. पावलं मोजाची गरजच नाई. त्या दिवशी झोपेतून उठलो, हात टाकला, तं तिथं काईच नाई. हात गेला अन् हाताच्या मांगं मी गेलो."

ते मग घरमालकांच्या आवाजाच्या दिशेने वळले. "कट्टे उचलून राहिले, हे मले कोनी सांगतलं नाई, भाऊ. बस, तेवढंच."

घरमालक मफलरशी चाळा करत होते. "मीही नाई सांगतलं," ते हळूच म्हणाले. "हमाल आले, गाडी लागली. ध्यानातच नाई आलं."

"अन् हा," वडिलांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं, तेही अगदी बरोबर, "ह्यानं विचारलं नाई."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. तिने माझ्याकडे न बघण्याचे जे मोजके प्रसंग मला आठवतात, त्यांत हा वरचा. तीन आठवडे मी त्या माणसाला आंघोळ घातली होती, जेवण भरवलं होतं, औषध दिलं होतं. एकदाही विचारलं नव्हतं, बाबा, कसे पडलात. कारण मला ते माहीत होतं.

मी म्हटलं, "पण भिंत आहे ना, बाबा. भिंतीला हात लावून जाता येतं."

"भिंतीवर दोन खिडक्या हायेत. पल्ले बाहेर उघडतात. कपाळाले लागतात. ते तुमाले सांगितलं नाई म्हनून तुमाले मालूम नाई." मग जरा खालच्या आवाजात, "अन् कट्ट्याले हात लावला का धान समजते. जाडं हाये का बारीक. वास येते. घरी असल्यासारखं वाटते."

टायपिंगवाला लॅपटॉपकडे बघत होता. "सर, अजून सबमिट नाही केलं. बदलायचं असेल तर आत्ता बदला."

घरमालक लगेच म्हणाले, "सहा हजार चारशे. जसं ठरलं होतं तसं. कट्टे येतील."

"येतील," वडील म्हणाले, आणि खुर्चीपाशी जाऊन बसले, जणू बैठक त्यांनीच बोलावली होती. "पन नीट लावा. छातीपर्यंत नको, कमरेपर्यंत. एकच रांग. चौकटीपासून न्हाणीपर्यंत सलग, मधे खाली जागा सोडू नका. जास्तीचे मांगच्या खोलीत टाका."

मागच्या खोलीत आमच्या दोन रिकाम्या पेट्या आणि माझी न वाचलेली पुस्तकं होती. बायको म्हणाली, "टाका. तिथे काही महत्त्वाचं नाही."

मी पेन काढलं. कागद उलटा करून लिहायला लागलो: "घरमालकांनी शेतमालाची रचना करताना भाडेकरूच्या कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीच्या आवागमनास..." टायपिंगवाल्याने हात वर केला. "सर, छोटा लिखो. जागा कमी है." जागा खरंच कमी होती की त्याने दया केली, मला कळलं नाही. शेवटी वडिलांनी सांगितलं आणि त्याने लिहिलं. मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

"कलम सात. धानाचे कट्टे ओसरीत भिंतीलगत, एका रांगेत, कमरेइतक्या उंचीपर्यंत ठेवावेत. कट्टे आणण्याच्या व उचलण्याच्या आदल्या दिवशी घरमालकाने भाडेकरूच्या वडिलांना तोंडी सांगावे. त्यांना, इतर कोणाला नाही."

शेवटचं वाक्यही वडिलांचंच. मी म्हटलं, बाबा, ते कायदेशीर वाटत नाही. ते म्हणाले, तुझंही नव्हतं.

मग अंगठे. माझा लागला, बायकोचा लागला, दुकानदारांचा लागला. घरमालकांचा अंगठा मशीन घेईना. चाळीस वर्षं नांगर, कुदळ आणि चिखल, अंगठ्यावर रेषा उरल्या नव्हत्या. एकदा, दोनदा, पाचदा. पुसून झालं, कोमट पाण्यात बुडवून झालं, पोरींच्या मेंदीसारखं खोबरेल तेल लावून झालं. टायपिंगवाला म्हणाला, "काका, दुसरं बोट लावून बघू." एकेक बोट करत करंगळीच्या शेजारच्या बोटाला मशीन एकदाचं हिरवं झालं. वडील खुर्चीतून ऐकत होते. "माहा असता तं तोही नसता लागला," ते म्हणाले, आणि घरमालक त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोकळे हसले.

नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा केला. दोन दिवसांनी दुय्यम निबंधकांकडून मंजूर होऊन करार मोबाइलवर आला. मी तो छापून कपाटात ठेवला. ठेवताना तारीख बघितली आणि तिथेच खाली बसलो. एक फेब्रुवारीपासून अकरा महिने, म्हणजे एकतीस डिसेंबर. अकरा महिन्यांचा करार दर वर्षी एक महिना मागे सरकतो, हे बावीस वर्षं तारखांशी खेळणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढची बोलणी आम्ही भर हंगामात, कट्ट्यांवर बसूनच करणार होतो. बायकोला सांगितलं नाही. एका वर्षात माझ्या इतक्या चुका तिने ऐकल्या होत्या की ही डिसेंबरपर्यंत थांबू शकत होती.

प्लॅस्टर मार्चमध्ये निघालं. हात पुरता सरळ होत नाही, पण चमचा धरता येतो. फेब्रुवारी ते मे, ओसरी मोकळी होती, आणि वडील न्हाणीला जाताना पुन्हा पावलं मोजत होते. तेरा. मी खिडक्यांचे पल्ले आत उघडतील असे सुताराकडून करून घेतले. त्याचे चारशे झाले. पाचशेच्या आतले, म्हणून माझे.

मेच्या शेवटी एका संध्याकाळी, मी कार्यालयातून येऊन पंख्याखाली शर्टाची बटणं सोडत होतो, तेव्हा घरमालकांचा फोन आला. मी उचलला. "बोला काका."

"तुमच्याशी नाई, बाबूजी. बाबाजीले द्या."

मी फोन वडिलांच्या कानाशी नेला. त्यांनी तो चांगल्या हाताने धरला, मला बाजूला व्हायची खूण केली. ओसरीत उन्हाचा शेवटचा पट्टा होता. बराच वेळ ते ऐकत होते, मधून मधून 'हूं', 'किती', 'बारीक का' असं विचारत होते. मग म्हणाले, "ठीक. उद्या. सकाळी दहाच्या आत आना, मंग मी झोपतो." फोन माझ्या दिशेने धरून ते म्हणाले, "उद्या कट्टे येऊन राहिले. ऐंशी. खुर्ची सरकवून ठेव."

मी खुर्ची सरकवली.